डावीकडून उतरणाऱ्या रेघा

सकाळचे ऊन त्या दुकानात सरळ कधी येत नसे. समोरच्या इमारतीच्या काचांवर ते आधी पडे, तिथे थोडे रेंगाळे आणि मग उलटे फिरून, रस्ता ओलांडून, दाराच्या फटीतून आत शिरे. आत पोचेपर्यंत त्याची धार गेलेली असे. उंबऱ्यावर ते फिकट पिवळे दिसे, फरशीवर दुधासारखे. पाठ मागे झुकवता येणाऱ्या खुर्चीच्या रेक्झिनवर ते चढले की जिथे जिथे रेक्झिनला चिरा गेल्या होत्या तिथे बारीक सावल्या उमटत. मग स्टीलच्या ट्रेवर एक ठिपका, शाईच्या बाटल्यांच्या खांद्यांवर एकेक ठिपका, आणि सर्वांत शेवटी खिडकीशेजारच्या उताराच्या मेजावर, जिथे त्याची जागा होती, हातभर लांबीचा एक शांत पट्टा. या पट्ट्यात कागद ठेवला की त्याचा पोतसुद्धा दिसे. धूळ त्यात तरंगत असे आणि खाली बसायची तिला मुळीच घाई नसे. तो दुकान उघडायच्या वेळेआधी येई तो एवढ्यासाठीच. या उजेडात कोणी त्याला काही विचारत नसे.

दुकान टॅटूचे होते. तो सुई धरत नसे. त्याचे काम कागदावरचे. कोणाच्या अंगावरचे जुने, फुटलेले, विरलेले गोंदण घेऊन कोणी आले की त्याखाली मुळात काय होते ते वाचायचे आणि पुन्हा स्वच्छ रेघेत उतरवून द्यायचे. सुई मालकीणबाईंची. त्या रुंद हाडाच्या, मोठ्या आवाजाच्या, आणि हात मात्र घड्याळजीसारखे. त्यांनी त्याचे नाव मौनी ठेवले होते. दुकानातला एकच नियम त्यांनी त्याला पहिल्या दिवशी सांगितला होता: “कातडीवर काय आहे ते वाच. कातडीच्या आतला माणूस वाचायला बसू नकोस. तो आपल्या वाचण्याबाहेरचा असतो.”

त्या सकाळी ऊन मेजावर यायच्या बेतात होते, तेव्हा दारातून एक बाई आत आल्या आणि पट्टा विझला. उंच, पाठीत किंचित वाकलेल्या, दोन्ही हात कोपरांच्या वरपर्यंत गोंदलेले, मानेवर कानामागून निघालेली एक वेल. गळ्यात गोदामाचे ओळखपत्र.

“मालकीण कुठंय? आणि तू कोण, दुकानातला आहेस की गिऱ्हाईक?”

“मी इथेच काम करतो, मावशी.”

“मावशी कोणाला म्हणतोस रे? फोर्कलिफ्ट चालवते मी. तुला उचलून त्या फळीवर ठेवीन.”

मालकीणबाई आतून हसत आल्या. “ठेवा, ठेवा. तिथं तरी दोन शब्द बोलेल. बसा. काय करायचंय?”

बाईंनी डावा हात पुढे केला आणि मनगटाच्या थोड्या वर बोट टेकले. भोवतालची बाकीची गोंदणे नव्या हातांची, सफाईदार होती. त्यांच्या मधोमध हे एक जुने. निळसर-हिरवट, कडांना धूर चढल्यासारखे. एक लहान उभी आकृती, हातात लांब काठी, पायाशी किंवा डोक्याशी काहीतरी पंखांचे.

“हे तसंच ठेवायचंय. फक्त थोडं स्वच्छ करा,” बाई म्हणाल्या. “आणि शेजारी याच्या भावाला बसवायचंय.”

मौनीच्या हातातली पेन्सिल थांबली. एवढ्या दुरून, एवढ्या विरलेल्या रेघांतूनसुद्धा त्याने ओळखले होते. खांद्यापेक्षा मोठे डोके, ढगळ विजार, पायात एकच मोजा. हे दोघांपैकी एक. उजळ्या किंवा विझव्या.

मुलांच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर ही चित्रकथा येत असे. एक गल्ली, दोन भाऊ. दिवस बुडताना उजळ्या काठी घेऊन निघे आणि गल्लीतला एकेक दिवा लावी. पहाट होताना विझव्या निघे आणि एकेक दिवा मालवी. एक जागा असे तेव्हा दुसरा झोपलेला. दोघे जन्मात कधी समोरासमोर येत नसत. शेवटच्या चौकटीत फक्त दाराशी टेकवलेल्या दोन काठ्या दिसत. इतकेच. आणि तरी त्याच्या लहानपणी गुरुवार उजाडला की शाळेतली निम्मी पोरे दिव्याच्या खांबाखाली उभी राहून कोण कोण होणार यावरून भांडत. त्यांच्यात तो गप्प उभा असे, आणि त्याची छाती मात्र भरून येई. कारण चित्राखाली जे नाव छापून येई ते त्याच्या बाबांचे होते.

“मी आणि ताई,” बाई सांगत होत्या. “दोघींनी एकाच दिवशी काढलं. एकीला एक, दुसरीला दुसरा. ताईचा एक मित्र होता, सुईची मशीन घरीच बनवलेली. आम्ही दोन चित्रं कापून नेली, डोळे मिटून उचलली. ताई तीन वर्षांनी मोठी. तिला वाटायचं, जगातला प्रत्येक निर्णय तिनं करायचा. म्हणून मीच म्हटलं, डोळे मिट.” त्या हसल्या, मग हसू तसेच ठेवून म्हणाल्या, “गेल्या पावसाळ्यात गेली ती. तिचाही माझ्याच हातावर असू दे आता.”

“मग तुमचा कोणता?” मालकीणबाईंनी विचारले.

“तीच तर पंचाईत. मी सांगते, माझा विझव्या. माझी भाची म्हणते, आई स्वतःला विझव्या म्हणायची. दोघींचे विझव्ये तर असणार नाहीत. आम्ही तेव्हा त्यांना नावानं हाक मारलीच नाही. ‘माझा’ आणि ‘तुझा’. ताईच्या हातावरचा तर शेवटी शेवटी डागच दिसायचा. नीट फोटो नाही. चुकीचा बसवला तर काय होईल? एकाच्या शेजारी तोच. जन्मभर मी आपली आपल्याशीच बोलत बसेन.”

हे म्हणताना त्यांनी मौनीकडे पाहिले आणि त्याने नजर खाली घातली. मनात त्याने मात्र तोवर ठरवूनही टाकले होते. अशी खडबडीत, फटकळ बाई. येता येता उजेडाचा पट्टासुद्धा विझवणारी. विझव्याच.

मालकीणबाईंना त्याच्या चेहऱ्यावरचे ते दिसले असावे. त्यांनी टिचकी वाजवली. “मौनी. हात वाच. चेहरा नको.”

त्याचे कान तापले. तो भिंग घेऊन बसला.

“हात सैल सोडा,” तो म्हणाला. “मनगट वळवू नका. वळवलं की चित्र पिळतं आणि तो तिरळा दिसतो.”

“आधीच तिरळा आहे. पण सोडते.”

त्याने कातडीवर पारदर्शक कागद ठेवला आणि काळ्या पेनाने फक्त खात्रीच्या रेघा उतरवल्या. शंकेच्या लाल पेनाने. जुने गोंदण वाचायचे तर त्याला शिकवलेली पहिली गोष्ट ही: रेघ जितकी दिसते तितकी ती मुळात नव्हती. शाई वर्षानुवर्षे कातडीखाली दोन्ही बाजूंना पसरत जाते, म्हणून जाड पट्ट्याचा मध्य धरायचा. जिथे दोन रेघा जवळजवळ होत्या तिथली फट भरून एक डाग होतो, म्हणून प्रत्येक डागाकडे संशयाने पाहायचे: याच्या पोटात दोन गोष्टी तर नाहीत? बारीक रेघा आधी नाहीशा होतात, जाड टिकतात. जिथे सुई खोल गेली तिथे कडेला निळी साय धरते. ती चित्रकाराची नव्हे, सुईवाल्याची; ती सोडून द्यायची.

काठीचे टोक असाच एक डाग होता. उजळ्याच्या काठीला आकडा असे आणि त्याला वातीची जीभ. विझव्याच्या काठीला टोपण, शंकूसारखे, दिव्यावर उपडे ठेवायला. कातडीवर ज्योत आणि शंकू दोन्हींचे शेवटी एक त्रिकोणी ढेकूळ उरते. पंखांचे जे होते तेही अर्धे गेले होते. उजळ्याभोवती नेहमी दिव्यावरचा पतंग घिरट्या घाली, विझव्याच्या खांद्यावर चिमणी बसे. इथे दोन मोठे आणि दोन लहान फुगवटे होते, मध्ये जाडसर कणा. चोच कुठे दिसत नव्हती. कण्याच्या वर भिंगाखाली दोन अगदी फिकट, फणीच्या दात्यांसारख्या खुणा होत्या. पण त्या इतक्या फिकट की त्याने त्या लाल पेनाने काढल्या.

“बट,” तो स्वतःशी पुटपुटला. “बट डावीकडे पडलेय.”

“मोठ्यानं बोल. इथं आम्ही दोघीच आहोत, सभा नाही भरली,” मालकीणबाई म्हणाल्या.

“दोघांची ओळख कपाळावरच्या केसांच्या बटेवरून पटते,” तो म्हणाला. “पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला बट पडली तर उजळ्या. उजव्या हाताला पडली तर विझव्या. इथे डावीकडे आहे.”

“म्हणजे मी उजळ्या?” बाईंनी हात मागे घेतला. “उगाच! घरभर दिवे मालवत फिरायचं काम माझं होतं. ताई म्हणायची, चालली बया अंधार पाडायला.”

“थांबा,” तो म्हणाला. “एक अडचण आहे.” आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच बळ आले, कारण आता तो बाबांबद्दल बोलणार होता. “विजारीवरची सावली पाहा. तिरक्या रेघांची आहे. उजव्या हाताचा चित्रकार भरभर सावली भरतो तेव्हा त्याच्या रेघा उजवीकडून वरून डावीकडे खाली उतरतात. मनगट तसंच फिरतं. डावऱ्याच्या उलट, डावीकडून वरून उजवीकडे खाली. इथे रेघा डावीकडून उतरतायत. आणि मूळ चित्र ज्यांनी काढलं ते उजव्या हाताचे.”

“तुला काय ठाऊक?” बाईंनी विचारले.

“माझे बाबा आहेत ते.”

बाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की त्याला वाटले, आपण पुन्हा दिव्याच्या खांबाखाली उभे आहोत. “तुझे बाबा? खरंच? अरे, आम्ही दोघी रडायचो त्या शेवटच्या चौकटीला!”

“मग रेघा उलट्या कशा?” मालकीणबाईंनी धागा सोडला नाही.

“स्टेन्सिल. त्या मुलाची पहिलीच वेळ असेल. चित्र गिरवलं, शाईची बाजू तशीच कातडीवर दाबली. कागद आधी पलटायचा असतो, नाहीतर सगळं आरशातलं उमटतं. तसं झालंय. बटसुद्धा मुळात उजवीकडे होती. मावशींचं बरोबर आहे. हा विझव्या.”

“आणि हे पंख?” मालकीणबाई भिंगावर वाकल्या. “मला ही चिमणी वाटत नाही. चिमणीला असे चार पंख?”

“उडती चिमणी आहे. मागचे फुगवटे शेपटीचे.”

“हं.” त्या सरळ झाल्या. “पंख एक सांगतात, रेघा दुसरं. ज्यात दोन साक्षी एकमेकांत भांडतात त्यावर मी सुई टेकवत नाही. घरी मूळ चित्रं असतील ना? बघून ये. उद्या सकाळी या, बाई. एवढं थांबलात, एक दिवस अजून.”

“थांबते,” बाई म्हणाल्या. उठताना त्यांनी बाही खाली ओढली आणि हातावर मूठ ठेवली, जशी कोणी झोपलेल्या मुलावर चादर नीट करतो. “बाबांना सांग हं. म्हणावं, गोदामात एक वेडी बाई आहे.”

घरी पोचला तेव्हा संध्याकाळचा उजेड अजून होता. बाबा खिडकीशी जुना रेडिओ उघडून बसले होते. रेडिओ दुरुस्त व्हावा असे त्यांना वाटत नसावे. तो उघडावा एवढेच वाटत असावे. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्तीनंतरही औषधाच्या बाटलीवरची चूक सापडली की त्यांचा दिवस बरा जाई.

“आज लवकर? काढून टाकलं की काय?”

“बाबा, आज एकीच्या हातावर तुमचं चित्र आलं होतं.”

बाबांच्या हातातला स्क्रू निसटून फरशीवर घरंगळला. ते वाकले नाहीत. “कोणतं?”

“तेच तर शोधतोय.”

भिंतीवर पाच चौकटी होत्या. छापलेली पाने नव्हेत, मूळ शाईची चित्रे. लहानपणापासून ती तिथेच होती, आणि जे नेहमी असते ते माणूस पाहत नाही. त्याने पहिली चौकट खुंटीवरून उतरवून खिडकीत नेली आणि काचेवरची धूळ बाहीने पुसली. उजळ्या, दिवा लावताना. बट डावीकडे. चेहऱ्यापाशी पतंग: दोन मोठे पंख, दोन लहान, डोक्यावर फणीसारख्या दोन मिशा. आणि विजारीच्या घडीतली सावली.

रेघा डावीकडून उतरत होत्या.

त्याने दुसरी उतरवली. विझव्या, खांबाला टेकून जांभई देणारा. बट उजवीकडे. सावलीच्या रेघा डावीकडून. तिसरी. चौथी. पाचव्या चौकटीत नुसती भिंत होती आणि दाराशी दोन काठ्या. भिंतीवर पहाटेचा अंधार भरला होता, हजार बारीक रेघांनी, एकाही रेघेचा तोल न सुटता. प्रत्येक रेघ वर डावीकडे जाड सुरू होत होती आणि खाली उजवीकडे झुळकेसारखी विरत होती.

“बाबा, या रेघा…”

“काय रेघांचं?”

“तुम्ही उजव्या हाताचे ना.”

बाबांनी रेडिओच्या पोटात डोकावून पाहिले. “छपाईचे ब्लॉक उलटे बसायचे रे कधी कधी. छापखान्यात काय, पन्नास भानगडी. शाईवाला एक असायचा, त्याला डावं-उजवं…”

“ही छापलेली नाहीत, बाबा. मूळ आहेत.”

“असतील.”

“आणि उलटी असती तर अक्षरं उलटी आली असती.” संवादांच्या फुग्यांमधली अक्षरे सरळ होती: टपोरी, उजवीकडे झुकलेली, मात्रा जरा जोरात ओढलेल्या. हे वळण त्याला ठाऊक होते. त्याच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर शाळेचे नाव याच वळणात असे.

बाबांनी रेडिओ बाजूला सारला आणि म्हणाले, “अक्षरं माझीच आहेत. बघितलंस ना? गोष्टही माझी. दोन भाऊ कधी भेटत नाहीत, ते माझं.” आणि थोड्या वेळाने, जणू विषय तिथेच संपला असावा, “चहा टाकतोस का?”

तो चहा टाकायला गेला. भांड्यात पाणी ठेवून तो नुसता उभा राहिला, आणि त्याला ती दुपार आठवली, नव्हे, तशा कित्येक दुपारी. शाळेतून आल्यावर आई ओट्याशी उभी असे. डाव्या हातात सुरी, डाव्या हातात सुई, डाव्या हाताने त्याचे केस विस्कटणारी. लोक म्हणत, डावरी आहे, तिच्याकडून कात्री घेऊ नका, उलटीच देईल. तिच्या डाव्या तळव्याची करंगळीकडची कड मात्र नेहमी काळी असे. त्याने एकदा विचारले होते. “बाबांची दौत धुतली,” आई म्हणाली होती आणि तोच हात पाठीमागे लपवून दुसऱ्या हाताने त्याच्यापुढे खाऊ ठेवला होता. तिचे हसणे त्याला आठवले, ओठ न उघडता हसण्याची तिची लकब. खोटे बोलताना ती तशी हसे, आणि वाढदिवसाची भेट लपवतानाही तशीच.

मग ते वर्ष. आई गेली ते वर्ष. त्याच वर्षी चित्रकथा बंद झाली. साप्ताहिकाकडून दोनदा माणूस येऊन गेला होता. “मन लागत नाही हो,” बाबा दारातूनच म्हणाले होते, आणि सगळ्यांनी मान हलवली होती. त्यानेही. बायको गेल्यावर ज्याच्या हातून रेघ उमटत नाही असे बाबा आपल्याला मिळाले, याचा त्याला तेव्हा अभिमान वाटला होता. त्या अभिमानावर त्याने आपले सगळे लहानपण, आणि पुढे आपले हे कामसुद्धा, उभे केले होते.

पाणी उकळून अर्धे झाले होते. त्याने पुन्हा भांडे भरले. ब्लॉक उलटे बसत असतील, त्याने मनाशी म्हटले. बाबा कधी कधी डाव्या हातानेही काढत असतील. काहीजण कागद फिरवून धरतात. अशी किती कारणे निघतात, माणूस शोधू लागला की.

चहा घेऊन तो आला तेव्हा बाबांनी चौकटी पुन्हा खुंटीवर लावल्या होत्या. पाचवी जरा तिरकी लागली होती. ती त्याने सरळ केली नाही.

दुसऱ्या दिवशी बाई वेळेआधीच हजर होत्या, गोदामाच्या गणवेशातच. “सुट्टी नाही मिळाली. दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या एकदम, आत्ता सकाळीच मागून घेतल्यात. बोल रे, कोण मी?”

“उजळ्या,” मौनी म्हणाला.

बाईंचे तोंड उघडेच राहिले. “काल तर…”

“काल माझं चुकलं. पंख पतंगाचेच आहेत. मूळ चित्रात अगदी असाच पतंग आहे, फणीसारख्या मिशांचा. मी त्या खुणा लाल पेनाने काढल्या होत्या; काळ्याने काढायला हव्या होत्या. काठीचं ढेकूळही शंकूचं नाही. त्याचा मध्य धरून पाहिला तर खाली आकडा वळतो.” त्याने नवा कागद पुढे केला. पतंग, ज्योत, डावीकडची बट. त्या धुरातून बाहेर आलेला पोरगा तोंड वर करून दिव्याकडे पाहत होता.

बाईंनी कागद उचलला, आपल्या हाताशेजारी धरला. “म्हणजे विझव्या ताईचा,” त्या हळूच म्हणाल्या. “भाचीचं बरोबर होतं. आणि मला जन्मभर अंधार पाडणारी म्हणायची! स्वतःकडे तो असून.” त्यांनी नाक ओढले. “चोर कुठली.”

“बाई, खुर्चीवर बसा,” मालकीणबाई म्हणाल्या. पण हातमोजे त्यांनी घातले नाहीत. त्या मौनीकडे वळल्या. “काल तू मला रेघा शिकवल्यास. उजव्या हाताचा चित्रकार, म्हणून चित्र उलटं, म्हणून विझव्या. आता म्हणतोस उजळ्या, म्हणजे चित्र उलटं झालंच नाही. मग रेघा डावीकडून का?”

“पतंग पुरेसा आहे.”

“मला नाही. पतंग काल तुला चिमणी दिसत होता.”

त्याने खिडकीकडे पाहिले. “ब्लॉक… छापताना कधी कधी…”

“मौनी.”

“अहो, एवढं काय?” बाई मध्येच म्हणाल्या, पण मग त्यांनीही मान हलवली. “नाही, बरोबर आहे त्यांचं. पोरा, हे पुसता येत नाही. शेजारी विझव्या बसला की बसला. तुझ्या बाबांचा मान मी ठेवते, शपथ. पण ताईच्या जागी चुकून दुसरा आला तर मी रोज बघायचा कसा? तुला खात्री असेल तर खात्रीचं कारण सांग. नसेल तर तसं सांग, मी उठते.”

त्याच्यासमोर दोन कागद होते. एकावर कालच्या रेघा, एकावर आजच्या. त्याला बोलता आले नाही ते लाजेमुळे नव्हे. लाज त्याला ओळखीची होती, तिच्या घरी तो लहानाचा मोठा झाला होता. हे वेगळे होते. एक वाक्य बोलले की घरातली पाच चित्रे तशीच राहणार होती, भिंत तीच, खुंट्या त्याच; फक्त त्यांच्यासमोर बसून रेडिओ उघडणारा माणूस बदलणार होता. आणि ओट्याशी उभी असलेली बाई पहिल्यांदाच पाठीमागचा हात पुढे घेणार होती.

“मूळ चित्रातल्या रेघाही डावीकडूनच उतरतात,” तो म्हणाला. “पाचही चित्रांत. म्हणून इथे काही उलटलेलं नाही. बट खरी, पतंग खरा. तुमचा उजळ्या. ताईंचा विझव्या.”

“पण तुझे बाबा तर उजव्या हाताचे,” बाई म्हणाल्या.

“हो.”

“मग?”

मालकीणबाईंनी फक्त हातमोज्यांचा डबा जवळ ओढला आणि वाट पाहिली.

“बाबांनी गोष्ट लिहिली आणि अक्षरं काढली,” तो म्हणाला. “चित्रं माझ्या आईने काढली होती.”